राळा, बाजरी, नाचणी : शिजण्याचा वेळ आणि घासाचा मऊपणा



भरडधान्य हा शब्द आपण आता इतक्या सैलपणे वापरू लागलो आहोत की, राळा, बाजरी आणि नाचणी ही जणू एकाच धान्याची तीन नावे आहेत असा समज घरोघरी रुजला आहे. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्यानंतर हा समज अधिकच पक्का झाला. डॉक्टरांनी ‘भरडधान्य खा’ एवढेच सांगितलेले असते. मग घरातील सून किंवा मुलगी जे हाती लागेल ते आणते, भातासारखे कुकरला लावते आणि ताटात वाढते. आजोबा दोन घास खाऊन ताट सरकवतात आणि दोष धान्याच्या माथी येतो. वस्तुतः या तीन धान्यांचे स्वभाव परस्परांहून फार निराळे आहेत. एकाचा भात होतो, दुसऱ्याचा भात सहजासहजी होत नाही आणि तिसऱ्याचा तर मुळीच होत नाही.

कळंब हा मांजरेकाठचा परिसर, आणि येथील रोजची भाकरी ज्वारीची. ती जागा या तिघांपैकी कोणी घ्यावी असे मला वाटत नाही. बाजरी येथे परकी नाही. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवसेला, शेतात भज्जीसोबत उंडे खाल्ले नाहीत असे घर धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत विरळाच. राळा जुन्या माणसांच्या आठवणीत आहे. दक्षिणेकडील जिल्ह्यांत भोगीला राळ्याचा भात आजही करतात, परंतु आपल्याकडील खरिपाच्या शेतांत आता सोयाबीनच अधिक दिसते. नाचणी मात्र सह्याद्रीच्या उतारावरची आणि कोकणातली. आपल्या घरात ती पुडीतून आली, आणि बहुधा वैद्यकीय सल्ल्याने आली. त्यामुळे तिच्याशी कसे वागावे, हे सांगणारी आजी घरात असतेच असे नाही.

तिघांपैकी सर्वांत लवकर शिजतो तो राळा. पिवळसर, मोहरीहून किंचित मोठा असा हा दाणा टरफल काढलेला मिळतो आणि तो सरळ तांदळासारखा वापरता येतो. दोन तास भिजवून ठेवल्यास उघड्या पातेल्यात मंद आचेवर झाकण ठेवून पंधरा मिनिटांत भात तयार होतो. त्याचा खरा वेळ चुलीवर जात नाही, तो आधी जातो. दाणा बारीक असल्याने त्यात खडे लपतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून राळा नुसता धुऊन भागत नाही, रोळावा लागतो. पसरट भांड्यात भरपूर पाणी घेऊन भांडे हलके गोल फिरवावे, पाण्यासोबत वर आलेले दाणे दुसऱ्या भांड्यात ओतावेत आणि तळाशी राहिलेला शेवटचा चमचाभर राळा टाकून द्यावा. खडे जड असल्याने तेथेच राहतात. कवळी बसवलेल्या किंवा दात हलत असलेल्या माणसासाठी हे काम करताना घाई करू नये, कारण एका खड्याने दात गेला की पुढील महिनाभराचे खाणे बिघडते.

राळ्याचा दुसरा स्वभाव असा की, तो गरम असताना मऊ असतो आणि निवला की मोकळा, कोरडा आणि किंचित टणक होतो. शिजताना फुगलेले त्यातील पिष्ट थंड होताना पुन्हा आवळले जाते. तांदळातही हे घडते, पण राळ्याचा दाणा बारीक व कमी चिकट असल्याने ते तोंडात अधिक जाणवते. मोकळे झालेले दाणे कवळीखाली शिरतात, टाळ्याला चिकटतात आणि कोरड्या तोंडात वाळूसारखे पसरतात. म्हणून तरुणांसाठी एका वाटीस अडीच वाट्या पाणी पुरत असले, तरी वृद्धांसाठी साडेतीन वाट्या घ्यावे. शिजल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवावे, मग रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटावे आणि कढी, ताक अथवा मुगाचे पातळ वरण मिसळूनच वाढावे. सकाळचा राळा रात्री द्यायचा असेल तर तो कोरडाच गरम करू नये. अर्धी वाटी पाणी घालून पुन्हा एक उकळी काढावी, म्हणजे गेलेला मऊपणा बऱ्याच अंशी परत येतो.

बाजरीकडे वळताना जरा थांबून विचार करावा लागतो, कारण येथे धान्य एक आणि रूपे तीन आहेत : अख्खा दाणा, भरड आणि पीठ. तिन्हींचा वेळही निराळा आणि खाणाऱ्याला होणारा त्रासही निराळा.

अख्खा बाजरीचा दाणा राळ्यासारखा कुकरला लावणे, ही सर्रास दिसणारी चूक आहे. तासभर भिजवून चार शिट्ट्या दिल्या तरी दाणा वरून मऊ वाटतो आणि आत कणी राहते. वरचा कोंडा चामड्यासारखा चिवट राहतो तो वेगळाच. जुन्या बायका बाजरीला पाण्याचा हात लावून ती ओलसर करीत, उखळात हलक्या हाताने कांडीत आणि सुपात पाखडून कोंडा उडवून देत. मगच तिचा खिचडा होई. या कांडण्याला पर्याय नाही, फक्त साधन बदलता येते. बाजरी रात्रभर, म्हणजे आठ तास, भिजवावी, निथळून फडक्यावर अर्धा तास पसरावी आणि मिक्सरच्या भांड्यात थांबत थांबत दोन-तीन वेळा क्षणभर फिरवावी. दाण्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत, पीठ होऊ नये. मग ही भरड पाण्यात टाकून ढवळल्यास सुटलेला कोंडा वर येतो, तो काढून टाकावा. एक वाटी भरडीस अर्धी वाटी मूगडाळ आणि पाच वाट्या पाणी घ्यावे. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्यावी, नंतर आच मंद करून पंधरा मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. झाले की नाही हे शिट्ट्या मोजून ठरवू नये. एक तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबून पाहावा. मध्ये पांढरा टणक ठिपका हाताला लागला तर आणखी एक वाटी गरम पाणी घालून पुन्हा दहा मिनिटे शिजवावे.

पिठाची गोष्ट याहून नाजूक आहे. बाजरीत इतर तृणधान्यांच्या मानाने स्निग्धांश अधिक, शंभर ग्रॅममध्ये सुमारे पाच ग्रॅम असतो. दाणा अख्खा असतो तोवर तो सुरक्षित असतो. दळताच कोंबातील तेल आणि त्याचे विघटन करणारी द्रव्ये एकत्र येतात, म्हणून बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडवट आणि खवट होऊ लागते. उन्हाळ्यात तर चार-पाच दिवसांतच तसे होते. वयोमानाने जिभेची चव मंदावते, त्यामुळे आजोबांना कडवटपणा कळतो पण नेमके काय बिघडले आहे ते सांगता येत नाही, ‘भाकरी आवडली नाही’ एवढेच ते म्हणतात. वाढणाऱ्याने पीठ जिभेवर चिमूटभर ठेवून पाहावे. म्हाताऱ्या दांपत्याच्या घरात एका वेळी एक किलोहून अधिक दळण गिरणीवर टाकू नये, आणि उरलेले पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावे.

पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडेने चिरते. गव्हासारखा चिकट घटक बाजरीत नाही, म्हणून पीठ बांधून ठेवण्याचे काम गरम पाणी करते. काठवटीत किंवा परातीत पिठाच्या मधोमध खळगा करून त्यात कडकडीत आधणाचे पाणी घालावे, चमच्याने कालवून दोन मिनिटे झाकावे आणि हाताला सोसवेल इतके निवल्यावर चांगले मळावे. भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी मिळून चार-पाच मिनिटांत होते, पण ती त्याच वेळी खाल्ली जायला हवी. तव्यावरून उतरलेली भाकरी पंधरा मिनिटांत ताठ होते आणि अर्ध्या तासात दात नसलेल्यांच्या आवाक्याबाहेर जाते. फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवल्यास हा अवधी थोडा वाढतो, इतकेच.

म्हणून दात गेलेल्यांसाठी बाजरी भाकरीपेक्षा उंड्यांच्या रूपाने अधिक चांगली, असे माझे मत आहे. उंडे केवळ येळवसेपुरते ठेवण्याचे कारण नाही. गरम पाण्यात मळलेल्या पिठाचे लिंबाएवढे गोळे करून मोदकपात्रात वीस मिनिटे वाफवावेत. मधोमध सुरी घालून पाहावी, ती कोरडी निघाली तर पीठ आतवर शिजले आहे. वाफेवर शिजलेल्या उंड्यात ओल टिकून राहते, तव्यासारखा कडक पापुद्रा येत नाही, आणि गरम भज्जीत किंवा घट्टसर आमटीत तो बोटांनी सहज कुस्करता येतो. सणाच्या पदार्थांतील हे शहाणपण अन्य दिवशी आपण का वापरत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

नाचणीच्या दाण्याला वरचे साल इतके घट्ट चिकटलेले असते, आणि आतील गर इतका भुसभुशीत असतो, की साल काढू गेल्यास दाण्याचा चुराच होतो. म्हणूनच नाचणीचा तांदूळ घरी होत नाही, ती सालासकट दळली जाते आणि तिचे खाणे मुख्यतः पिठाचे असते. नाचणीची भाकरी बाजरीहूनही लवकर वाळते, वृद्धांसाठी तिचा फार आग्रह धरू नये. तिचे खरे स्थान वाटीत आणि चमच्यात आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते हे खरे, पण कोणी एका वेळी शंभर ग्रॅम खात नाही. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण वीस ग्रॅम पीठ घेतले तर सत्तर मिलिग्रॅम मिळते, आणि सालातील काही द्रव्यांमुळे त्यातलेही सगळे अंगी लागत नाही. डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी नाचणीच्या भरवशावर बंद करू नये.

साध्या पिठाची पेज आठ मिनिटांत होते. दोन चमचे पीठ अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळी न राहता कालवावे, दीड वाटी उकळत्या पाण्यात धार धरून ओतावे आणि मंद आचेवर ढवळत राहावे. कच्च्या पिठाचा वास जाऊन पेजेला गडद तांबूस रंग आणि चकाकी आली की ती शिजली. चकाकी येण्याआधी उतरवलेली पेज घशाला खरखरीत लागते आणि पोटालाही जड जाते.

नाचणीचे सत्त्व ही याहून वेगळी गोष्ट आहे, आणि हा फरक माहीत असणे काळजी घेणाऱ्यांना फार उपयोगी पडते. नाचणी बारा तास भिजवून, ओल्या फडक्यात बांधून दीड दिवस ठेवली की मोड येतात. ती सावलीत वाळवून, हलकीशी भाजून, दळून बारीक कापडाने चाळली की सत्त्व झाले. मोड येताना दाण्यात पिष्ट तोडणारे पाचक द्रव्य तयार होते. म्हणून दोन चमचे साध्या पिठाची पेज घट्ट होते, तर तेवढ्याच सत्त्वाची पातळ राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात याच गुणधर्माचा उपयोग लहान मुलांच्या आहारासाठी अभ्यासला गेला : घट्ट खळीसारख्या लापशीत मोडाच्या धान्याचे थोडे पीठ मिसळले की ती सैल होते, आणि मूल तेवढ्याच वाटीतून अधिक अन्न खाऊ शकते. चार चमचे खाऊन ‘पुरे’ म्हणणाऱ्या अशक्त वृद्धालाही हेच लागू पडते. त्याच्या वाटीत दोनाऐवजी तीन चमचे सत्त्व घालता येते आणि पेज तरीही पिण्याजोगी राहते. मात्र मोडाची नाचणी तांबूस होईपर्यंत खरपूस भाजली तर ते पाचक द्रव्य नष्ट होते आणि सत्त्व साध्या पिठासारखेच दाटते. तेव्हा भाजणे म्हणजे केवळ ओल जाऊन हाताला दाणा गरम लागणे, यापुढे जाऊ नये.

पण याच गुणाची एक धोक्याची बाजू आहे. पक्षाघातानंतर, कंपवातात किंवा स्मृतिभ्रंशात अनेकांना गिळण्याचा त्रास होतो, आणि अशांना बहुधा पातळ पदार्थच अधिक बाधतो, कारण तो घशातून आवरण्याआधीच निसटतो आणि श्वासनलिकेकडे जातो. अशा माणसाला पातळ सत्त्व देणे योग्य नव्हे, तेथे साध्या पिठाची दाटसर पेज बरी पडते. चमचा तिरका केल्यावर ती सावकाश घसरावी, धारेने वाहू नये. दाटपणा चुलीपाशी पाहून उपयोग नाही, कारण पेज निवताना घट्ट होते. वाढताना, खाण्याच्या वेळी पाहावा. राळ्याचे सुटे दाणे अशा माणसाला देऊच नयेत. पातळ दुधात नुकतीच कुस्करलेली भाकरीही टाळावी, कारण दूध पुढे जाते आणि तुकडा मागे राहतो. भाकरी पूर्ण भिजून एकजीव होईपर्यंत थांबावे. खाताना किंवा खाल्ल्यावर खोकला येणे, आवाज ओला घोगरा होणे, वारंवार ताप येणे ही लक्षणे दिसली तर पदार्थ बदलून पाहत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

हे सारे एका घरात कसे बसवावे, ते पाहू. समजा, घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. वरची कवळी आहे, मधुमेहाची गोळी चालू आहे, गिळण्याचा त्रास नाही. त्यांच्यासोबत मुलगा, सून आणि शाळकरी नात आहे. दुपारी एक वाटी राळा साडेतीन वाट्या पाण्यात शिजवावा. तिघांनी तो तसाच वरणासोबत खावा, सासूबाईंचा वाटा काढून कढीत घोटावा. दोन पातेली लावण्याची गरज नाही. बाजरीचे उंडे आठवड्यातून दोनदा, थंडीच्या दिवसांत तीनदा, संध्याकाळी सर्वांसाठी एकत्र करावेत. नाचणी सकाळी द्यावी, परंतु येथे मधुमेहाचा विचार करावा लागतो. धान्य जितके बारीक दळलेले आणि जितके पातळ शिजलेले, तितकी त्यातील साखर रक्तात लवकर उतरते. नाचणी साखर वाढवत नाही हा समज चुकीचा आहे. गूळ घातलेले सत्त्व दुधासोबत वाटीभर घेतल्यास ती चांगलीच वाढू शकते. सासूबाईंसाठी सत्त्वाऐवजी साध्या पिठाची पेज, गुळाऐवजी ताक, जिरे आणि मीठ, आणि वाटी अर्धी. घरी साखर तपासण्याचे यंत्र असल्यास पहिल्या तीन-चार वेळी खाल्ल्यानंतर दोन तासांनी तपासून लिहून ठेवावे. राळ्याच्या दिवशीचा आणि नाचणीच्या दिवशीचा आकडा शेजारी ठेवला की, कोणते रूप त्यांना मानवते हे त्यांचे शरीरच सांगते.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास ही तिन्ही धान्ये सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. कोंडायुक्त धान्य वाढले आणि पाणी मात्र पूर्वीइतकेच राहिले तर बद्धकोष्ठ कमी होण्याऐवजी वाढते, हेही लक्षात असू द्यावे. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा बाजरी खाण्यास भिण्याचे कारण नाही. तीच रोजची मुख्य भाकरी करायची असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण बाजरीतील काही द्रव्ये, विशेषतः आहारात आयोडीन कमी असल्यास, थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात. त्यांची सकाळची गोळी रिकाम्या पोटी पाण्यासोबत घेतल्यावर पेजेसाठी अर्धा ते एक तास थांबावे, आणि कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती त्यानंतर चार तासांनी, दुपारच्या जेवणासोबत द्यावी.